विममधून बाहेर कसे पडावे? एका एडिटरच्या तीन अवस्थांचा इतिहास

१/ स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळावर २०१२ साली एक साधा प्रश्न विचारला गेला: विम एडिटरमधून बाहेर कसे पडायचे? २०१७ पर्यंत तो प्रश्न दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता. फाइल उघडली, पण टंकलेली अक्षरे उमटेनात. काही उमटलीच तर भलतीच उमटली. आणि बंद करण्यासाठी कोठेही फुलीचे चिन्ह दिसेना. जगभरच्या नवख्यांचा हा अनुभव सारखाच आहे. या कोंडीचे मूळ १९६९ ते १९७९ या दशकात, कागदावर छापणारी यंत्रे आणि मंद टेलिफोन लाइन यांच्यात सापडते. तो इतिहास कळला की विमचे वागणे विक्षिप्त वाटेनासे होते. #थ्रेड

२/ ज्यांच्यासमोर या क्षणी विम अडून बसला आहे, त्यांच्यासाठी उत्तर आधी. कळफलक इंग्रजीवर आणावा, एस्केप कळ दोनदा दाबावी आणि पुढीलपैकी एक ओळ टंकून एंटर दाबावे. केलेले बदल जतन करून बाहेर पडायचे असेल तर:

```
:wq
```

बदल टाकून देऊन बाहेर पडायचे असेल तर:

```
:q!
```

आता एस्केप का, अपूर्णविराम का आणि उद्गारचिन्ह का, याचा इतिहास पाहू.

३/ १९६९. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्ससाठी ‘एड’ नावाचा एडिटर लिहिला. त्या काळी संगणकाशी बोलण्याचे साधन म्हणजे टेलिटाइप: कळफलक जोडलेले, कागदाच्या गुंडाळीवर ठोकून छापणारे यंत्र. टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे छापत असे. पडदा नव्हता, त्यामुळे फाइल ‘समोर दिसणे’ ही कल्पनाच नव्हती. कोणती ओळ पाहायची, कोणती खोडायची, कोठे भर घालायची, हे सारे आज्ञा देऊन सांगावे लागे. प्रत्येक अक्षराला वेळ मोजावा लागत असल्याने आज्ञा एकाक्षरी ठेवल्या गेल्या.

४/ येथे एक अडचण उभी राहते. `a` हे अक्षर आले, तर ती आज्ञा समजायची की मजकुराचा भाग? कळफलक एकच, अक्षरे तीच. एडने यावर दोन अवस्था कल्पिल्या. आरंभी तो आज्ञा ऐकण्याच्या अवस्थेत असतो. `a` ही आज्ञा मिळताच तो मजकूर घेऊ लागतो आणि केवळ एक टिंब असलेली ओळ येईपर्यंत आलेले सर्व काही मजकूर म्हणून स्वीकारतो. टिंबानंतर पुन्हा आज्ञांची अवस्था.

```
a
1818 पेशवाईचा अस्त
.
w
q
```

येथे `w` म्हणजे फाइलवर लिहिणे आणि `q` म्हणजे बाहेर पडणे. आज विममध्ये टंकले जाणारे `:wq` हे याच दोन अक्षरांचे वारस होत. ज्याला टिंबाचे ठाऊक नसे, तो एडमध्येही अडकत असे. त्याने टंकलेला `q` निमूटपणे मजकुरात जाऊन बसे. अडकण्याची ही परंपरा विमपेक्षा जुनी आहे.

५/ १९७६. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजमध्ये जॉर्ज कुलुरिस यांच्याकडे कागदाऐवजी पडदा असलेले टर्मिनल होते. पडदा असूनही एड वापरणाऱ्याला आंधळेपणाने काम करावे लागते, हे त्यांना खटकले. त्यांनी एडमध्ये फेरफार करून ‘एम’ तयार केला. त्यात निदान एक ओळ पडद्यावर पाहत दुरुस्त करता येई. नावाचा अर्थ होता ‘मर्त्य माणसांसाठीचा एडिटर’. एड फक्त देवांनाच जमतो, हा त्यामागचा टोमणा. त्याच वर्षी ते कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात गेले असता हा एम बिल जॉय या विद्यार्थ्याच्या पाहण्यात आला.

६/ जॉय आणि त्यांचा सहकारी चक हेली यांनी एमवरून काम पुढे नेत ‘एक्स’ हा एडिटर घडवला. मार्च १९७८ मध्ये बर्कलीच्या युनिक्स वितरणाच्या पहिल्या संचातून तो बाहेर गेला. त्यातच जॉय यांनी पूर्ण पडद्यावर फाइल दाखवणारी ‘व्हिज्युअल’ अवस्था घातली आणि १९७९ च्या दुसऱ्या संचात हाच प्रोग्राम `vi` या दुसऱ्या नावानेही बसवला जाऊ लागला. म्हणजे व्हीआय हा स्वतंत्र ग्रंथ नव्हे. तो एक्सचेच दुसरे मुखपृष्ठ. पडद्यामागे एक्स आणि एक्सच्या मागे एड कायम राहिला. अपूर्णविराम टंकला की आपण पडद्यावरून खाली उतरून त्या जुन्या ओळबद्ध एडिटरशी बोलू लागतो.

७/ जॉय घरून काम करताना ३०० बॉडचा मोडेम वापरत. हा वेग सेकंदाला सुमारे ३० अक्षरांचा. २४ ओळी आणि प्रत्येकी ८० अक्षरे, म्हणजे १९२० अक्षरांचा पडदा एकदा पूर्ण भरायला ६४ सेकंद लागणार. अशा परिस्थितीत एक शब्द खोडण्यासाठी पडदा पुन्हा रंगवणे परवडणारे नव्हते आणि माउस तर नव्हताच. म्हणून कळफलकावरील प्रत्येक अक्षरालाच काम नेमून दिले गेले: `x` ने अक्षर खोडायचे, `dd` ने ओळ खोडायची, `u` ने चूक मागे घ्यायची.

८/ त्यांच्या घरचे टर्मिनल होते लिअर सिग्लर कंपनीचे एडीएम-३ए. त्याच्या `h`, `j`, `k`, `l` या कळांवर अनुक्रमे डावा, खालचा, वरचा आणि उजवा बाण छापलेला होता. वेगळ्या बाणकळा नव्हत्या. विममध्ये आजही याच चार अक्षरांनी कर्सर हलतो. एस्केप कळ आज जेथे टॅब असते तेथे, डाव्या करंगळीच्या शेजारी होती. आज ती कोपऱ्यात दूर गेल्यामुळे ‘दर वेळी एस्केप दाबा’ हा नियम जाचक वाटतो; त्या कळफलकावर तो बोटाच्या एका हालचालीचा प्रश्न होता.

९/ इतक्या पार्श्वभूमीवर विमच्या तीन मुख्य अवस्था सहज उलगडतात.

नॉर्मल मोड: विम उघडताच मिळणारी अवस्था. येथे अक्षरे ही आज्ञा असतात. हा एडच्या आज्ञा-अवस्थेचा पडद्यावरील अवतार.

इन्सर्ट मोड: येथे अक्षरे ही अक्षरेच असतात. `i` दाबले की प्रवेश, एस्केप दाबले की परत नॉर्मलमध्ये. एडमधील एकाकी टिंबाची जागा येथे एस्केपने घेतली. या अवस्थेत पडद्याच्या तळाशी `-- INSERT --` असे दिसते.

कमांड-लाइन मोड: नॉर्मलमध्ये अपूर्णविराम टंकताच कर्सर तळाच्या ओळीवर जातो. जतन करणे आणि बाहेर पडणे येथून होते. आज्ञा एंटरने पूर्ण होते, एस्केपने रद्द होते.

ध्यानात ठेवण्याजोगी बाब अशी की सर्व वाटा नॉर्मलमधून जातात. इन्सर्टमधून थेट `:wq` देता येत नाही. दिल्यास ती तीन अक्षरे मजकुरात उमटतात. अडकलेल्या माणसाच्या फाइलमध्ये `:q` आणि `exit` यांचे ढीग सापडतात ते यामुळेच.

१०/ आता एक उदाहरण पायरीपायरीने पाहू. `nondi.txt` या फाइलमध्ये तीन ओळी आहेत:

```
1674 रायगडावर राज्याभिषेक
1760 पानिपतची तिसरी लढाई
1818 पेशवाईचा अस्त
```

दुसऱ्या ओळीत चूक आहे. ती लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. ही चूक सुधारायची आणि शेवटी १८४८ ची नोंद वाढवायची. टर्मिनलवर टंकावे:

```
vim nondi.txt
```

कर्सर पहिल्या ओळीच्या पहिल्या अंकावर असतो. तळाशी `-- INSERT --` नाही, म्हणजे आपण नॉर्मलमध्ये आहोत.

११/ `j` दाबताच कर्सर दुसऱ्या ओळीवर येतो. `l` तीनदा दाबले की तो चौथ्या अंकावर, म्हणजे चुकीच्या शून्यावर पोहोचतो. `x` दाबले की शून्य नाहीसे होते आणि कर्सर त्यामागच्या मोकळ्या जागेवर येतो. आता `i` दाबावे. तळाशी `-- INSERT --` उमटते. `1` टंकावे, तो कर्सरच्या आधी बसतो आणि `1761` तयार होते. मग एस्केप. तळाची खूण नाहीशी झाली की नॉर्मलमध्ये परतल्याची खात्री पटते.

१२/ नवी नोंद जोडण्यासाठी `G` दाबावे. हे मोठे अक्षर आहे, ते कर्सरला शेवटच्या ओळीवर नेते. नंतर `o` दाबावे; ते खाली रिकामी ओळ उघडते आणि त्याच वेळी इन्सर्टमध्ये नेते. येथे कळफलक मराठीवर आणून ‘1848 सातारा संस्थान खालसा’ ही ओळ टंकावी, मग एस्केप दाबावे.

मराठीत लिहिणाऱ्याला येथे एक जादा सापळा आहे. एस्केप कोणत्याही कळफलकावर एस्केपच राहते. परंतु कळफलक मराठीवरच असेल तर नॉर्मलमध्ये दाबलेले `u` हे `u` म्हणून पोहोचत नाही. तेथे देवनागरी अक्षर पोहोचते आणि त्या अक्षराला विममध्ये काही काम नेमलेले नसते. एस्केप दाबूनही विम ‘ऐकत नाही’ असे वाटले, तर पहिली शंका कळफलकाच्या भाषेची घ्यावी. दुसरी शंका कॅप्स लॉकची, कारण `j` आणि `J` या विमच्या दृष्टीने निराळ्या आज्ञा आहेत.

१३/ कळफलक इंग्रजीवर आणून आता `:w` टंकावे आणि एंटर दाबावे. तळाशी फाइलचे नाव, `4L` म्हणजे चार ओळी आणि `written` हा शब्द दिसतो. ही जतन झाल्याची पावती होय. नंतर `:q` आणि एंटर. दोन्ही कामे एकत्र करायची असतील तर `:wq`.

बदल जतन न करता केवळ `:q` दिले तर विम अडवतो आणि सांगतो:

```
E37: No write since last change (add ! to override)
```

नवख्याला वाटते की आपण अडकलो. वस्तुतः विम येथे दारावर उभा राहून विचारतो आहे की केलेले काम टाकून जायचे आहे का? होय असेल तर `:q!`, नसेल तर `:wq`. उद्गारचिन्ह म्हणजे जाणूनबुजून दिलेली संमती. नाव न देता विम उघडला असेल तर `:w` दिल्यावर `E32: No file name` असे उत्तर येते. तेव्हा `:w nondi.txt` असे नावासह लिहावे.

१४/ अवस्थांचा खरा धोका अडकण्यात नसून नकळत नुकसान होण्यात आहे. समजा, कोणी फाइल उघडली आणि `i` न दाबता थेट `Shivaji` असे टंकले. पहिले `S` ही नॉर्मल मोडमधील आज्ञा आहे: कर्सर असलेली पूर्ण ओळ खोडा आणि इन्सर्टमध्ये जा. उरलेली अक्षरे मजकूर म्हणून उमटतात. परिणामी राज्याभिषेकाची नोंद जाऊन तेथे `hivaji` उरते. ओळखण्याची खूण हीच: शब्दाचे पहिले अक्षर गायब आणि जवळचा मजकूर बदललेला. अशा वेळी घाबरून आणखी टंकू नये. एस्केप दाबावे, मग `u`. ओळ परत येते. किती बदल झाले हेच उमजत नसेल तर `:q!` देऊन फाइल पूर्वस्थितीत सोडावी.

१५/ हा धोका व्हीआयपुरता नव्हता. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७४ च्या सुमारास ‘ब्राव्हो’ हा एडिटर तयार झाला, त्यातही अवस्था होत्या. त्याच्याविषयी एक कथा तेथे प्रसिद्ध होती. कोणी आज्ञा-अवस्थेत चुकून `edit` हा शब्द टंकला, तर `e` ने सारा दस्तऐवज निवडला जाई, `d` ने खोडला जाई, `i` ने लेखन सुरू होई आणि `t` हे एकच अक्षर दस्तऐवज म्हणून उरे. त्याच केंद्रातील लॅरी टेस्लर यांनी अवस्थांविरुद्ध आयुष्यभर मोहीम चालवली. त्यांच्या मोटारीच्या पाटीवर `NO MODES` असे लिहिलेले होते. टिम मॉट यांच्यासह त्यांनी घडवलेल्या ‘जिप्सी’ एडिटरमध्ये टंकलेले अक्षर नेहमी अक्षरच राहिले. आज फोनवर आणि संगणकावर जे सर्वत्र दिसते ते टेस्लर यांच्या परंपरेतले. म्हणूनच त्यात वाढलेल्या पिढीला विममध्ये पाऊल ठेवताच परक्या मुलखात आल्यासारखे वाटते.

१६/ बाहेर पडण्याच्या धडपडीत नवखे आणखी तीन ठिकाणी हमखास अडकतात.

`:q` ऐवजी बोटांच्या घाईत `q:` टंकले गेले, तर तळाशी जुन्या आज्ञांची एक छोटी खिडकी उघडते. तेथे `:q` आणि एंटर दिले की ती मिटते. `q` नंतर दुसरे एखादे अक्षर दाबले गेले, तर `recording` हा शब्द दिसतो; विम कळांची नोंद घेऊ लागलेला असतो. एस्केप दाबून पुन्हा एकदा `q` दाबले की नोंद थांबते.

मोठे `Q` दाबल्यास काही संगणकांवर हा संदेश येतो:

```
Entering Ex mode.  Type "visual" to go to Normal mode.
```

पडदा जणू नाहीसा होतो आणि तळाशी फक्त अपूर्णविराम उरतो. हा बिघाड नव्हे. व्हीआयच्या पोटातला जुना एक्स वर आलेला असतो. `visual` टंकून एंटर दिले की १९७९ कडे परत येता येते.

तिसरे, सवयीने जतन करण्यासाठी कंट्रोल आणि `S` दाबले की अनेक टर्मिनल गोठतात. ही खूण टेलिटाइपच्या काळातली: पलीकडून येणारा मजकूर थांबवण्याची. कंट्रोल आणि `Q` दाबले की प्रवाह सुरू होतो. मधल्या वेळेत दाबलेल्या कळा मात्र वाया जात नाहीत, त्या एकदम लागू होतात. म्हणून गोठलेल्या पडद्यावर कळा बडवू नयेत.

१७/ मग व्हीआयपासून विमपर्यंतचा प्रवास कसा झाला? व्हीआयच्या पोटात एडचा वारसा होता आणि त्यावर एटी अँड टी कंपनीचा हक्क होता. त्यामुळे व्हीआयचा मूळ कोड मुक्तपणे वाटता येत नव्हता. म्हणून लोकांनी त्याच्या नकला नव्याने लिहायला घेतल्या. टिम थॉम्पसन यांनी १९८७ मध्ये अटारी एसटीसाठी लिहिलेला ‘स्टीव्ही’ ही त्यांपैकी एक. नेदरलँड्समधील ब्राम मोलेनार यांनी अमिगा संगणक घेतला, त्यावर व्हीआय मिळेना. १९८८ मध्ये त्यांनी स्टीव्हीच्या अमिगावरील आवृत्तीवरून काम सुरू केले. १९९१ मध्ये त्यांचा विम लोकांसाठी प्रसिद्ध झाला. आरंभी नावाचा अर्थ ‘व्हीआयची नक्कल’ असा होता. पुढे नक्कल मुळापेक्षा वरचढ ठरल्यावर तोच ‘सुधारित व्हीआय’ असा झाला.

१८/ मोलेनार यांनी विम विनामूल्य दिला आणि वापरणाऱ्यांना युगांडातील मुलांसाठी देणगी देण्याचे आवाहन केले. ते विम उघडताच दिसणाऱ्या पहिल्या पडद्यावर झळकत आले आहे. ३ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. फाइलचे नाव न देता केवळ `vim` टंकले तरच तो पडदा दिसतो. त्यावर आवृत्ती, लेखकाचे नाव आणि मदतीच्या सूचना असतात आणि त्यांतच एक ओळ अशी आहे:

```
type  :q<Enter>               to exit
```

बाहेरची वाट अशी दारावरच लिहिलेली आहे. परंतु बहुतेक नवखे थेट एखादी फाइल उघडूनच विममध्ये येतात. अनेकदा तर दुसरा प्रोग्राम त्यांना न विचारता तेथे आणून सोडतो. त्यामुळे ही पाटी त्यांच्या दृष्टीस पडतच नाही.